कंपनीचे नाव बदलले, विलीन झाली किंवा विकली गेली: बायोडाटात अनुभव कसा लिहावा, म्हणजे पडताळणीत अडत नाही

जळगाव एमआयडीसीतल्या पाइप, चटई किंवा डाळीच्या कारखान्यात काही वर्षे काढून नाशिक, चाकण, वाळूजकडे नोकरीला निघालेल्या लोकांच्या बायोडाटात एक घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. मधल्या काळात कंपनीचे नाव बदललेले असते किंवा ती दुसऱ्या कंपनीत गेलेली असते. "कंपनी तीच आहे, फक्त पाटी बदलली" असे म्हणून माणूस आज गेटवर जे नाव आहे तेच पहिल्या दिवसापासून लिहून टाकतो. काही जण उलट करतात. एकाच यंत्रावर, एकाच शेडमध्ये केलेल्या दहा वर्षांच्या तीन वेगवेगळ्या नोकऱ्या करून ठेवतात. ऑफर लेटर हातात पडते आणि मग पडताळणीत नाव जुळत नाही म्हणून जॉइनिंग अडकते. काम खरे असते, वर्षेही खरी असतात, फक्त दोन नावांमधला दुवा कुठे लिहिलेला नसतो.

पडताळणी करणारा माणूस पुण्यात किंवा बेंगळुरूत बसलेला असतो. जळगावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट त्याला माहीत नसते. तुम्ही लिहिलेले नाव, तारखा आणि हुद्दा तो रिलीव्हिंग लेटरशी, पीएफच्या नोंदीशी, कधी फॉर्म १६ शी लावून पाहतो आणि कंपनीच्या एचआरला मेल करतो. त्याला जुळणी करता यावी एवढेच आपल्याला साधायचे आहे. हे टप्पे पीएफ कापला जाणाऱ्या खासगी नोकरीसाठी आहेत. क्रम मोडू नका, कारण पुढचा टप्पा मागच्यावर उभा आहे.

## टप्पा १: आधी कागद मांडा, बायोडाटा नंतर उघडा

बायोडाटा आठवणीतून लिहायला बसलात की चूक ठरलेलीच. प्रत्येक नावाच्या काळातला निदान एक कागद काढा: नियुक्तीपत्र, नाव बदलण्याच्या आधीची आणि नंतरची एकेक पगारपावती, बदलीचे किंवा सेवा वर्ग झाल्याचे पत्र असेल तर ते, आणि शेवटचे रिलीव्हिंग लेटर.

मग ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर यूएएन टाकून लॉगिन करा आणि View मध्ये Service History उघडा. तिथे आस्थापनेचे नाव, मेंबर आयडी, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख ओळीने दिसते. तो पूर्ण पडदा छापून घ्या. पडताळणी करणारा बहुतेक वेळा हेच पाहणार असतो, म्हणून ते आपण आधी पाहायचे.

एका ठिकाणी लोक गोंधळतात. आस्थापनेचे नाव पीएफच्या कोडला जोडलेले असते. मालकाने पीएफ कार्यालयात नाव बदलून घेतले असेल, तर २०१४ सालच्या तुमच्या नोंदीसमोरही आजचेच नाव दिसू शकते. त्याने बदलून घेतले नसेल, तर आजच्या नोंदीसमोर जुने नाव दिसते. त्यामुळे पीएफवर दिसणारे नाव हा कोणत्या काळात कोणते नाव होते याचा पुरावा धरू नका. तो पुरावा तुमच्या त्या काळच्या पगारपावतीत आहे.

तपासा: पगारपावतीवर कंपनीऐवजी ठेकेदाराचे नाव आहे का? असेल तर तुम्हाला कामावर ठेवणारा ठेकेदार आहे आणि पीएफही त्याच्याच कोडवर गेलेला असतो. मग बायोडाटात ठेकेदाराचे नाव आधी आणि "कामाचे ठिकाण" म्हणून कारखान्याचे नाव नंतर येते. कारखान्याचे नाव कितीही वेळा बदलले तरी ठेकेदार तोच असेल तर एम्प्लॉयर तोच राहतो.

## टप्पा २: नेमके काय घडले ते पॅनवरून ठरवा

"नाव बदलले", "विकली गेली", "मर्ज झाली" हे शब्द कारखान्यात सरसकट वापरले जातात. बायोडाटासाठी प्रश्न एकच असतो: तुम्हाला नोकरीवर ठेवणारी कायदेशीर संस्था तीच राहिली की बदलली? याचे उत्तर पॅनमध्ये मिळते. कंपनीने नुसते नाव बदलले तर तिचा पॅन बदलत नाही. संस्थाच वेगळी असेल तर पॅन वेगळा असतो.

कंपनीचा पॅन फॉर्म १६ वर असतो. पगारातून टीडीएस कापला जात नसेल तर फॉर्म १६ मिळालेला नसतो, तेव्हा जीएसटी क्रमांक शोधा. व्यवसायाच्या दारावरच्या फलकावर तो लावणे नियमाने बंधनकारक आहे, शिवाय बिलांवर आणि ई-वे बिलांवर तो असतोच. १५ अक्षरांच्या या क्रमांकातली पहिली दोन राज्याची असतात, महाराष्ट्रासाठी २७. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरे म्हणजे पॅन. जुन्या आणि नव्या नावाच्या काळातल्या जीएसटी क्रमांकांतली ही दहा अक्षरे शेजारी ठेवून पाहा. पॅनचे चौथे अक्षरही बोलते: C म्हणजे कंपनी, F म्हणजे भागीदारी फर्म, P म्हणजे एकट्या मालकाचा व्यवसाय.

आपल्याकडे चटई आणि डाळ मिलच्या धंद्यात हे अक्षर फार कामाचे आहे. पुष्कळ घरगुती फर्म पुढे प्रायव्हेट लिमिटेड झाल्या. मालक तेच, मशीन तेच, नावही जवळपास तेच, पण F चे C झाले, म्हणजे संस्था बदलली.

कंपनी असेल तर आणखी एक खात्री करून घ्या. mca.gov.in वर Master Data मध्ये सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, टाकून तिची स्थिती पाहा. दुसऱ्या कंपनीत विलीन झालेल्या कंपनीपुढे Amalgamated असे दिसते, नोंदणीतून काढून टाकलेल्या कंपनीपुढे Strike Off. मालकाने जुनी कंपनी बंद करून त्याच जागेत नवी काढली असेल तर जुन्या कंपनीपुढे Strike Off दिसेल. ते नाव बदलणे नव्हे आणि विलीनीकरणही नव्हे. त्या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत आणि तशाच लिहायच्या.

सावधान: पीएफ कोड बदलला म्हणून संस्था बदलली असे समजू नका. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांना वेगळे कोड असू शकतात. एम्प्लॉयर कोण हे पॅनवरून ठरवा, तारखा पीएफवरून आणि पत्रांवरून घ्या.

## टप्पा ३: प्रकार ओळखून ओळ लिहा

फक्त नाव बदलले. ही एकच नोकरी आहे. तुमच्या रिलीव्हिंग लेटरवर जे नाव आहे ते आधी लिहा आणि त्याच ओळीत "पूर्वीचे नाव" म्हणून जुने द्या, बदलाचा महिना आणि वर्षासह. नाव बदलण्याआधीच तुम्ही सोडले असेल तर उलट करा. तुमच्या काळचे नाव आधी आणि "आताचे नाव" म्हणून नवे नंतर, कारण तुमच्या पत्रावर जुने नाव आहे आणि मेल मात्र नव्या नावाच्या पत्त्यावर जाणार आहे.

दुव्याचा पुरावा बहुतेकांच्या घरातच असतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार नाव बदललेल्या कंपनीला पुढची दोन वर्षे आपल्या पाटीवर आणि लेटरहेडवर नव्या नावासोबत जुनेही छापावे लागते. त्या दोन वर्षांतले पगारवाढीचे पत्र, बोनसची सूचना, एखादे सर्टिफिकेट शोधा. दोन्ही नावे एकाच कागदावर असली की पुढे वाद उरत नाही.

शेअर्स विकले गेले, कंपनी तीच राहिली. मोठ्या उद्योगसमूहाने कारखाना चालवणारी कंपनी विकत घेतली, गेटवर त्यांचा लोगो लागला, ड्रेसचा रंग बदलला. पण तुमची कंपनी, तिचा पॅन आणि तुमचा पीएफ तसाच आहे. एम्प्लॉयर बदललेला नाही. इथे मोह होतो तो समूहाचे मोठे नाव लिहिण्याचा आणि सर्वांत जास्त अडचण याच मोहातून येते. पडताळणीचा मेल समूहाच्या मुख्य कार्यालयात जातो आणि तिथून उत्तर येते की या नावाचा कर्मचारी आमच्या नोंदीत नाही. ते खोटे बोलत नसतात, तुम्ही त्यांच्या पगारपत्रकावर कधीच नव्हता. आपल्या कंपनीचे पूर्ण नाव लिहा आणि पुढे "अमुक सालापासून अमुक समूहाची कंपनी" एवढे जोडा. मोठे नाव वाचणाऱ्याला दिसते आणि मेलही योग्य जागी जातो.

कंपनी दुसरीत विलीन झाली, किंवा तुमचा विभाग दुसऱ्या कंपनीकडे गेला. इथे एम्प्लॉयर खरोखर बदलतो, पण नोकरी सलग राहू शकते. ती सलग आहे की नाही हे तुमच्या पत्रावरून ठरते. "आधीची सेवा धरून" अशा अर्थाचे वाक्य पत्रात असेल तर एकच नोकरी दाखवा आणि आत दोन्ही एम्प्लॉयर तारखांसह लिहा. जुन्या कंपनीने हिशेब चुकता करून राजीनामा घेतला आणि नवीने कोरे नियुक्तीपत्र दिले असेल, तर दोन नोकऱ्या दाखवा.

नाव तेच वाटते पण कंपनी वेगळी, असे आपल्या भागातही घडले आहे. अमळनेरला १९४५ साली सुरू झालेली वनस्पती तुपाची कंपनी नावे बदलत विप्रो लिमिटेड झाली, तो नावबदल. पण २०१३ साली तिचा कन्झ्युमर केअरचा व्यवसाय विप्रो एंटरप्रायझेस या वेगळ्या कंपनीत गेला, तो एम्प्लॉयर बदल. अशा ठिकाणी नुसते "विप्रो" लिहिणे पुरत नाही, कोणती विप्रो ते लिहावे लागते. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींचे आणखी निराळे. १ ऑक्टोबर २०२१ पासून भुसावळची निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे आणि वरणगावची म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली, पण तेव्हा सेवेत असलेले कर्मचारी नव्या कंपन्यांत मानीव प्रतिनियुक्तीवर गेले. कारखाना कंपनीचा झाला, पण त्या आदेशाने ते लगेच कंपनीचे नोकर झाले नाहीत. तिथल्या माणसाने आपला प्रतिनियुक्तीचा आदेश पाहूनच ओळ लिहावी.

## टप्पा ४: एक पूर्ण उदाहरण

नावांच्या जागी अक्षरे ठेवतो. एक जण जून २०१४ मध्ये जळगावात "क पाइप्स प्रा. लि." मध्ये एक्स्ट्रुजन लाइनवर ऑपरेटर म्हणून लागला. फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने नाव बदलून "ख पॉलिमर्स प्रा. लि." केले. पुढे ती "ग इंडस्ट्रीज लिमिटेड" या कंपनीत विलीन झाली. त्याला पत्र मिळाले की १ सप्टेंबर २०२१ पासून तो "ग" चा कर्मचारी आहे आणि जून २०१४ पासूनची सेवा धरली जाईल. मार्च २०२४ मध्ये त्याने शिफ्ट सुपरवायझर म्हणून नोकरी सोडली. रिलीव्हिंग लेटर "ग" चे आहे.

पीएफवर दोन ओळी दिसतात: पहिली "ख" नावाने जून २०१४ ते ऑगस्ट २०२१, दुसरी "ग" नावाने सप्टेंबर २०२१ ते मार्च २०२४. "क" हे नाव कुठेच नाही, कारण कोड तोच राहून नाव बदलले गेले.

त्याने "ग इंडस्ट्रीज, २०१४ ते २०२४" एवढेच लिहिले असते तर पीएफची पहिली ओळ कुणाची हा प्रश्न आला असता. तीन नोकऱ्या लिहिल्या असत्या तर तीन रिलीव्हिंग लेटर मागितली गेली असती, आणि त्यांतली दोन अस्तित्वातच नाहीत. त्याने असे लिहायला हवे:

> ग इंडस्ट्रीज लिमिटेड, जळगाव कारखाना
> जून २०१४ ते मार्च २०२४, सलग सेवा
> सप्टेंबर २०२१ पूर्वीचा एम्प्लॉयर: ख पॉलिमर्स प्रा. लि. (ग मध्ये विलीन). ख चे फेब्रुवारी २०१८ पर्यंतचे नाव: क पाइप्स प्रा. लि.
> शेवटचा हुद्दा: शिफ्ट सुपरवायझर. सुरुवात: एक्स्ट्रुजन ऑपरेटर

त्याखाली कामाचे मुद्दे. बायोडाटा इंग्रजीत असला तरी रचना हीच ठेवा. नावाचे शब्द, "प्रायव्हेट लिमिटेड" की "लिमिटेड", हे लेटरहेडवर आहे तसेच उतरवा.

सावधान: विलीनीकरणाच्या दोन तारखा असतात. कंपनी लवादाने मंजूर केलेल्या योजनेत हिशेबासाठी एक मागची तारीख ठरवलेली असते, आणि आदेश नोंदणी कार्यालयात दाखल झाल्यावर ती योजना प्रत्यक्षात लागू होते. दोन्हींत वर्षभराचेही अंतर पडू शकते. बातमीत वाचलेली तारीख बायोडाटात घालू नका. तुमच्या स्वतःच्या पत्रावरची तारीख घाला आणि ती पीएफच्या दुसऱ्या ओळीशी जुळते का ते पाहा.

## टप्पा ५: पीएफमधली तूट आणि गुंता सोडवा

बायोडाटा पाठवण्याआधी दोन ओळींच्या मधली जागा पाहा. जुन्या ओळीत सोडल्याची तारीखच नसेल तर दोन्ही नोकऱ्या एकाच वेळी चालू होत्या असे दिसते. पडताळणी करणाऱ्याला ती दुहेरी नोकरी वाटते आणि ती नावाच्या फरकापेक्षा जास्त गंभीर धरली जाते.

ही तारीख घालणे हे आधी कंपनीचे काम आहे. विलीन झालेल्या कंपनीचे सगळे काम नवीकडे आलेले असते, तेव्हा नव्या कंपनीच्या एचआरला लिहा. त्यांनी केले नाही तर सदस्याला स्वतः Manage मध्ये Mark Exit वापरून तारीख घालता येते. शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिने उलटलेले असावे लागतात आणि ज्या महिन्याचा शेवटचा हप्ता आहे त्याच महिन्यातली तारीख द्यावी लागते. पत्र समोर ठेवूनच तारीख टाका, एकदा गेलेली तारीख दुरुस्त करणे फार जिकिरीचे असते.

विलीनीकरणानंतर जुन्या खात्यातला पैसा काढून घेऊ नका, नव्यात वर्ग करून घ्या. सेवा सलग असल्याचा तो आणखी एक सरकारी कागद होतो.

## टप्पा ६: पडताळणीच्या फॉर्ममध्ये योग्य माणूस द्या

बायोडाटात सगळे नीट लिहूनही पडताळणीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये लोक घाईने वेगळे नाव भरतात. फॉर्ममध्ये कंपनीच्या नावाचा एकच रकाना असतो. तिथे रिलीव्हिंग लेटरवरचे नाव भरा आणि बाकी दुवा शेऱ्याच्या रकान्यात लिहा. एम्प्लॉयी कोड दोन असतील तर दोन्ही द्या. विलीनीकरणानंतर नवा कोड मिळतो आणि जुन्या कोडने शोधले तर नव्या प्रणालीत काहीच सापडत नाही.

एचआरचा मेल पत्ता आज चालतो का, हे स्वतः मेल टाकून पाहा. विलीन झालेल्या कंपनीचे जुने मेल पत्ते बंद पडलेले असतात. ओळखीच्या सुपरवायझरचा मोबाईल देणे म्हणजे एचआरची पडताळणी नव्हे, तो फार तर संदर्भ म्हणून चालतो. जुन्या एचआरला आधीच असे लिहून ठेवा:

> नमस्कार साहेब, मी जून २०१४ ते मार्च २०२४ जळगाव कारखान्यात होतो. जुना एम्प्लॉयी कोड आणि नवा कोड खाली दिला आहे. माझ्या नव्या नोकरीसाठी पडताळणीचा मेल येईल. २०२१ पूर्वीची नोंद ख पॉलिमर्सच्या रेकॉर्डमध्ये आहे. ती आपल्याकडे कुणाकडे पाहायला मिळेल ते कृपया कळवा.

या मेलमुळे जुने रजिस्टर कुणाकडे आहे ते आधीच कळते. पुष्कळदा २०२१ पूर्वीचे रेकॉर्ड जळगावच्या ऑफिसातच पडून असते आणि मुख्य कार्यालयाला त्याचा पत्ता नसतो.

सावधान: यूएएनचा पासवर्ड किंवा ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका. पडताळणीसाठी पीएफची नोंद लागणार असेल तर नव्या कंपनीने अधिकृत मेलवर पाठवलेल्या लिंकवरूनच संमती द्या, नाहीतर स्वतः डाउनलोड केलेले पासबुक पाठवा.

## टप्पा ७: तरीही "नाव जुळत नाही" असा शेरा आला तर

घाबरून बायोडाटा बदलून पाठवू नका. दोन वेगळे बायोडाटा त्यांच्याकडे गेले की साधा खुलासा संशयात बदलतो. एकाच मेलमध्ये, एकाच पीडीएफमध्ये, तारखेच्या क्रमाने कागद पाठवा: जुन्या नावाचे नियुक्तीपत्र, दोन्ही नावे असलेले लेटरहेड किंवा नावबदलाच्या प्रमाणपत्राची प्रत, सेवा वर्ग झाल्याचे पत्र, पीएफची सेवा नोंद, रिलीव्हिंग लेटर. वर चार ओळींत कोणत्या पानावर काय आहे ते लिहा.

नावबदलाचे प्रमाणपत्र कंपनीने दिले नाही तरी ते कंपनी निबंधकाकडे सार्वजनिक कागद म्हणून असते आणि ठरावीक फी भरून mca.gov.in वर पाहता येते. विलीनीकरणाचा आदेश कंपनी लवादाच्या nclt.gov.in या संकेतस्थळावर शोधता येतो. आदेश शेकडो पानांचा असला तरी पडताळणीला पहिले पान, दोन्ही कंपन्यांची नावे असलेले पान आणि कर्मचाऱ्यांच्या सेवेबद्दलचा परिच्छेद एवढे बहुधा पुरते. तो परिच्छेद बहुतेक योजनांत असतो आणि विलीन होणाऱ्या कंपनीचे कर्मचारी सेवेत खंड न पडता नव्या कंपनीचे होतील, असे त्यात लिहिलेले असते. त्या ओळीखाली रेघ मारून ते पान पाठवा.